४०४ ची बेरीज ८ येते, मग फ्लॅट सोडायचा का?

प्रश्न: "सर, जुळे सोलापुरात टू-बीएचके घेतोय. बी विंग, चौथा मजला, फ्लॅट नं. ४०४. टोकन देऊन झालंय. माझी जन्मतारीख १७ जून १९८८, मिसेसची २३ तारीख, फ्लॅट दोघांच्या नावावर होणार. एका अंकशास्त्रवाल्यांनी सांगितलं की ४०४ ची बेरीज ८, जन्मतारखेवरून तुमचा मूलांक ८, मोबाईलची बेरीज पण ८, ८ म्हणजे शनी, तो तिप्पट झाला. फ्लॅट सोडा आणि मोबाईल नंबर बदला. दुसरे म्हणाले ८ वाल्याला ८ उत्तम, डोळे झाकून घ्या. दोघांनीही पैसे घेतले. कुणाचं ऐकू?"

उत्तर:

बेरीज दोघांचीही बरोबर आहे. भांडण बेरजेत नाहीच, ते बेरजेच्या आधी आणि नंतर आहे. आधी ठरवावं लागतं की कुठले आकडे मोजायचे, आणि नंतर ठरवावं लागतं की आलेल्या अंकाचा अर्थ कुठल्या नियमाने लावायचा. या दोन्ही जागी या विद्येत एकवाक्यता नाही. तुमच्याकडे आलेले दोघे वेगवेगळ्या नियमांवर चालले, पण दोघांपैकी कुणीही तुम्हाला तो नियम सांगितला नाही. मी हेच काम करतो, तरी सांगतो: नियम न सांगता निकाल देणाऱ्याचा निकाल पाठ फिरताच विसरायचा.

आधी बेरीज म्हणजे नक्की काय होतं ते बघू, कारण ते कळलं की निम्मी भीती उतरते. ४ + ० + ४ = ८. हा ८ दुसऱ्या वाटेनेही मिळतो. ४०४ ला ९ ने भागा: ९ चव्वेचाळीस ३९६, बाकी ८. कुठल्याही संख्येच्या अंकांची बेरीज एक अंक उरेपर्यंत केली की जे उरतं, ती त्या संख्येला ९ ने भागल्यावरची बाकी असते. बाकी शून्य आली तर ९ धरायचे. कारण सोपं आहे: १० म्हणजे ९ अधिक १, १०० म्हणजे ९९ अधिक १. त्यामुळे अंक एककाच्या घरात असो की शतकाच्या, ९ ने भागताना तो फक्त स्वतःपुरता उरतो. जुने मुनीम गुणाकार बरोबर आला का हे याच युक्तीने तपासायचे.

यातून दोन गोष्टी निघतात आणि त्या गिऱ्हाइकाला सहसा कुणी सांगत नाही. एक, अंकांची जागा बदलली तरी बेरीज बदलत नाही. ४०४ आणि ४४०, किंवा १७ आणि ७१, यांची बेरीज सारखीच. दोन, ९ हा अंक बेरजेत कितीही वेळा आला तरी मूळ अंकावर काडीचाही परिणाम होत नाही. "तुमच्या नंबरात तीन ९ आहेत, मंगळ जबरदस्त आहे" असं कुणी म्हणालं, तर तो बेरजेची पद्धत सोडून दुसऱ्या पद्धतीत गेलाय हे ओळखा. जाऊ दे की, पण मग तसं बोलून दाखवावं.

आता कुठले आकडे मोजायचे, या प्रश्नाकडे येऊ. तुमच्या घराचा नंबर नेमका कोणता? दारावर ४०४ आहे, त्याची बेरीज ८. पण पत्त्यात 'बी-४०४' असं लिहिलं जाणार. रोमन अक्षरांना आकडे देणारे दोन तक्ते चालतात, त्यांना खाल्डियन आणि पायथागोरियन म्हणतात. दोन्हींत 'बी' ला २ आहे. म्हणजे बी-४०४ ची बेरीज १०, आणि १० ची १. १ सूर्याचा, म्हणजे शनीचं घर एका अक्षरात सूर्याचं झालं. तुमची विंग ए ते ई मधली असती तरी दोन्ही तक्ते जुळले असते, कारण तिथपर्यंत दोन्हींत १, २, ३, ४, ५ असंच आहे. पुढे ते फुटतात. एफ विंगला खाल्डियन तक्त्यात ८ आणि पायथागोरियन तक्त्यात ६, जी विंगला ३ आणि ७, एच विंगला ५ आणि ८. त्याच इमारतीतला एफ-४०४ एका तक्त्याने १६, म्हणजे ७. दुसऱ्याने १४, म्हणजे ५.

तुमचा फ्लॅट आहे म्हणून एवढ्यावर भागलं. पेठेतल्या घरांचा घोळ याहून मोठा. साखर पेठेत किंवा बाळीवेशीत घर नंबर १२४/३ अ अशा धर्तीचे असतात. आकडे मोजले तर १ + २ + ४ + ३ = १०, म्हणजे १. 'अ' ला इंग्रजी 'ए' समजून १ धरला तर ११, म्हणजे २. आणि ११ ला 'मास्टर नंबर' मानणारे म्हणतील की त्याची पुढे बेरीजच करू नका. देवनागरी 'अ' ची किंमत किती, हे दोन्ही तक्त्यांत कुठेच नाही, कारण दोन्ही तक्ते रोमन लिपीचे. शिवाय त्याच घराला सिटी सर्व्हे नंबर वेगळा, मिळकत कराच्या पावतीवरचा क्रमांक वेगळा, वीज बिलावरचा ग्राहक क्रमांक वेगळा. प्लॉटवर बंगला असेल तर प्लॉट नंबर आणि त्यामागे गट नंबर.

मी स्वतः कोणता धरतो? आल्यागेल्याला पत्ता सांगताना जो तोंडी येतो आणि दारावर जो दिसतो, तो. तुमच्या बाबतीत ४०४. वाचणाऱ्याच्या नजरेत जो आकडा रोज येतो तोच त्या घराचा, एवढंच त्यामागचं कारण. पण हा माझा पायंडा आहे, कुठल्या ग्रंथातला अटळ नियम नाही. विंगचं अक्षर धरणारे चूक आहेत असं मला म्हणता येत नाही, आणि त्यांनाही मला चूक ठरवता येणार नाही.

तुमच्या तारखेतही अशीच एक फट आहे. मूलांक म्हणजे फक्त तारखेची बेरीज: १७, म्हणून ८. यात वाद नाही. भाग्यांक म्हणजे पूर्ण तारखेची. सगळे अंक सलग मिळवले तर १ + ७ + ६ + १ + ९ + ८ + ८ = ४०, म्हणजे ४. काही जण आधी तुकडे आटवतात: १७ चे ८, जून ६, १९८८ चे २६ आणि त्याचे ८. आता ८ + ६ + ८ = २२. शेवटचा अंक दोन्हीकडे ४ च आहे, तो बदलूच शकत नाही. पण मधला आकडा एकीकडे ४० आहे आणि दुसरीकडे २२. मास्टर नंबर मानणाऱ्यांच्या लेखी २२ म्हणजे मोठी कामं उभी करणारा माणूस. सलग बेरीज करणाऱ्याच्या लेखी तुम्ही साधा ४, राहूच्या प्रभावाखालचा. जन्म तोच, वेळ तीच, फरक फक्त बेरजेला कुठे थांबलो याचा. उद्या कुणी तुम्हाला २२ सांगून खूश केलं किंवा ४ सांगून घाबरवलं, तर तो कुठे थांबला ते विचारा.

आता अर्थ लावण्याचा भाग. तुमचे दोन सल्लागार इथे फुटले.

अंकांना दिलेले ग्रह तुम्हाला माहीत असतील: १ सूर्य, २ चंद्र, ३ गुरू, ४ राहू, ५ बुध, ६ शुक्र, ७ केतू, ८ शनी, ९ मंगळ. दुसरे गृहस्थ ज्या नियमावर चालले तो असा: घराचा अंक आणि माणसाचा मूलांक सारखा आला की जुळलं. पहिले गृहस्थ त्याच नियमाचा अपवाद धरून बसले: सारखा अंक चालतो, पण ४ आणि ८ वाल्यांनी आपल्या आयुष्यात आणखी ४ आणि ८ वाढवू नयेत. दोन्ही नियम या विद्येत खरोखर सांगितले जातात. पहिल्या गृहस्थांना तुमचा भाग्यांक ४ दिसला असेल तर ते आणखी बिचकले असणार. म्हणजे दोघांपैकी कुणीही मनाचं काही सांगितलं नाही. दोघांनी एकाच पोतडीतली दोन परस्परविरोधी सूत्रं बाहेर काढली, आणि कुठलं कधी वापरायचं हे पोतडीत लिहिलेलं नाही.

आणि मिसेसचं काय? फ्लॅट दोघांच्या नावावर होणार आहे. त्यांची तारीख २३, मूलांक ५. बहुतेक तक्त्यांत ५ ला 'सगळ्यांशी जमवून घेणारा' म्हटलेलं असतं, त्या हिशेबाने ८ चं घर त्यांना चालतं. मग घर कुणाच्या तारखेवर बघायचं? कर्त्या पुरुषाच्या, असं जुनं उत्तर. खरेदीखतात पहिलं नाव ज्याचं त्याच्या, असं नवं उत्तर. तुम्ही पहिलं नाव मिसेसचं लावलंत तर दुसऱ्या उत्तरानुसार हा प्रश्न तिथेच मिटतो.

हे ग्रह आणि अंकांचं लग्न किती जुनं आहे, याबद्दलही थोडं सांगतो, कारण "हजारो वर्षांची खाल्डियन विद्या" हे वाक्य तुमच्याही कानावर पडलं असणार. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कीरो या नावाने गाजलेल्या पाश्चात्त्य भविष्यवेत्त्याने जी मांडणी लोकप्रिय केली, तिच्यात ४ ला युरेनस आणि ७ ला नेपच्यून आहे. युरेनसचा शोध १७८१ मध्ये लागला आणि नेपच्यूनचा १८४६ मध्ये. प्राचीन बाबिलोनच्या लोकांना हे दोन ग्रह माहीत असणं शक्यच नाही. आपल्याकडे त्या दोघांच्या जागी राहू आणि केतू बसवले गेले आणि मांडणी देशी वाटायला लागली. आज जे मोबाईल आणि फ्लॅटचं अंकशास्त्र चालतं त्यात इंग्रजी तारीख, रोमन अक्षरं आणि भारतीय ग्रह अशी सरमिसळ आहे. जुनी म्हणून ती खरी, हा युक्तिवाद निदान या मांडणीला लागू होत नाही.

८ ची गोष्ट तर याहून मजेची. चीनमध्ये ८ हा सर्वांत भाग्याचा अंक मानतात. बीजिंग ऑलिंपिकचं उद्घाटन ८ ऑगस्ट २००८ ला रात्री ८ वाजता ठेवलं ते त्यामुळेच. आणि आपल्याकडचे बरेच अंकशास्त्रवाले जो 'लो शू ग्रिड' काढून देतात तो चिनीच. वरच्या ओळीत ४, ९, २, मधल्या ओळीत ३, ५, ७, खालच्या ओळीत ८, १, ६. कुठूनही मिळवा, बेरीज १५. चौकट चीनची घ्यायची आणि त्यातल्या ८ ला मात्र शनी म्हणून घाबरायचं, ही कसरत रोज चालते.

आता तुमच्या इमारतीकडे वळू. मजल्यावर चार फ्लॅट आणि सात मजले असं धरू. जुळे सोलापुरात अशा इमारती पुष्कळ आहेत. फ्लॅटच्या नंबरात पहिला अंक मजल्याचा आणि शेवटचा फ्लॅटचा, मधे शून्य. म्हणून बेरीज म्हणजे मजला अधिक फ्लॅट. कागदावर लिहून बघा: ८ बेरजेचे फ्लॅट येतात ४०४, ५०३, ६०२ आणि ७०१. ४ बेरजेचे येतात १०३, २०२ आणि ३०१. म्हणजे २८ पैकी ७ फ्लॅट, बरोबर चौथा हिस्सा, 'सोडून द्या' या यादीत. ते एकाखाली एक नसून तिरके जिन्यासारखे चढत जातात. तुमच्या डोक्यावरचा ५०४ मंगळाचा, पायाखालचा ३०४ केतूचा. त्याच भिंती, तीच दिशा, तीच पाण्याची लाईन.

घर घेण्याआधी शेजार बघायला जाताच, तेव्हा ५०३, ६०२ आणि ७०१ मधल्या लोकांशीही बोला. त्यांच्यात आणि ५०२, ६०३ मधल्या लोकांत शनीने काही फरक केलेला दिसतो का बघा. तीन घरांवरून काहीच सिद्ध होत नाही हे खरं, पण कागदावरचा ८ आणि त्या नंबरात नांदणारं घर यांत किती अंतर असतं ते डोळ्यांनी दिसेल. बेरीज ८ असलेल्या घरात आजारपण किंवा कर्ज जास्त येतं, हे कुठल्याही शास्त्रीय तपासणीत सिद्ध झालेलं नाही. मी अंक वाचतो तो रूढी म्हणून वाचतो. माणूस घराबद्दल काय धास्ती बाळगून आहे ते त्यातून बोलकं होतं. कुणाला टोकन सोडायला मी सांगत नाही.

एक परिणाम मात्र खरा आहे आणि तो बाजाराचा आहे. उद्या हा फ्लॅट विकायला काढलात तर एखादं गिऱ्हाईक याच बेरजेमुळे पाय मागे घेईल. तोच धागा धरून आज बिल्डरशी बोला. "४०४ ला लोक नाही म्हणतात" हे त्याला तुमच्यापेक्षा जास्त माहीत असतं. पार्किंगची जागा चांगली मागा, नाहीतर दरात थोडं खाली या म्हणा. अंकशास्त्राने कुणाचे पैसे वाचू शकत असतील तर ते इथे.

मनातून जातच नसेल तर रूढीत एक बिनखर्ची उपाय आहे. दाराच्या आतल्या बाजूला, चौकटीवर, छोटा 'ए' लावतात. 'ए' ची किंमत दोन्ही तक्त्यांत १, म्हणून ४०४ अधिक १ म्हणजे ९. 'बी' लावला तर १. स्टेशनरीच्या दुकानात मिळणारं चिकटपट्टीचं अक्षर पुरतं. त्यासाठी तांब्याची 'सिद्ध' पट्टी विकत घ्यायचं कारण नाही. पण हे अक्षर आतच ठेवा. बाहेरच्या पाटीवर '४०४-ए' लिहिलंत की अडचणी सुरू होतात. खरेदीखत आणि इंडेक्स टू वर ४०४, महापालिकेच्या मिळकत कराच्या पावतीवर ४०४, महावितरणच्या बिलावर ४०४, आणि दारावर भलतंच. गृहकर्जाच्या पडताळणीला आलेला माणूस, गॅसवाला, आधारचा पत्ता तपासणारा, सगळे तिथे अडतात. करारातला फ्लॅट नंबर बेरजेसाठी बदलून मागू नका; मंजूर नकाशात जो नंबर आहे तोच राहायला हवा.

मोबाईलकडे येतो. तुम्ही नंबर इथे टाकला नाहीत हे बरं केलंत. मी एक बनावट नंबर घेतो: १३५०७ २६४८८. आपल्याकडे मोबाईल नंबर ६, ७, ८ किंवा ९ नेच सुरू होतो, त्यामुळे हा कुणाचाच नाही. बेरीज करताना एकमेकांना ९ पूर्ण करणारे अंक खोडत जा: १ आणि ८, ३ आणि ६, ५ आणि ४, ७ आणि २. उरले ० आणि ८. मूळ अंक ८, तुमच्यासारखाच. सरळ मिळवलं तर ४४, म्हणजे ८.

आता नंबराच्या सुरुवातीला देशाचा कोड ९१ लावा. परदेशातून फोन आला तर नंबर तसाच दिसतो, व्हॉट्सअॅपवरही तसाच नोंदलेला असतो. ९ आणि १ मिळून १०, एकूण ५४, म्हणजे ९. देशाचा कोड धरला की भारतातल्या प्रत्येक मोबाईलचा अंक एकाने पुढे सरकतो: ज्याचा ८ त्याचा ९, ज्याचा ७ त्याचा ८. कोड धरायचा की नाही याचं उत्तर देताना बहुतेक जण चाचपडतात. काही जण फक्त शेवटचे चार अंक बघतात, तिथे ६ + ४ + ८ + ८ = २६, म्हणजे ८. काही जण शेवटचे पाच, तिथे २८, म्हणजे १. एका नंबराचे चार रस्त्यांनी ८, ९, ८ आणि १ असे निकाल आले. यातला कुठलाही एक सोयीने निवडता येतो, आणि ज्याला तुम्हाला नवीन नंबर विकायचा आहे तो कुठला निवडेल हे सांगायला ग्रह लागत नाहीत.

हल्ली बेरजेपेक्षा 'जोड' बघायची पद्धत जास्त चालते. नंबरातले शेजारचे दोन-दोन अंक घ्यायचे: १३, ३५, ५०, ०७, ७२, २६, ६४, ४८, ८८. दहा अंकी नंबरात असे नऊ जोड पडतात. मग १३ चांगला, कारण सूर्य-गुरू. ४८ वाईट, कारण राहू-शनी. ८८ तर फारच. शून्य आलं की तिथे पुन्हा दोन मतं: एक म्हणतं शून्य शेजाऱ्याची ताकद खातं, दुसरं म्हणतं शून्य सोडून ५ आणि ७ चा जोड धरा.

या पद्धतीत एक गणिती मेख आहे. समजा ० ते ९ च्या शंभर जोडांपैकी फक्त वीस वाईट मानले. एक जोड निर्दोष निघण्याची शक्यता ऐंशी टक्के. पण नऊच्या नऊ निर्दोष निघायला हवे असतील तर ०.८ ला नऊ वेळा गुणायचं, ते ०.१३ च्या आसपास येतं. म्हणजे शंभरातल्या सुमारे सत्याऐंशी नंबरांत एखादा तरी दोष निघणारच. दुकानात कुणीही नंबर घेऊन आला तरी त्याला दोष सांगता येतो, आणि तो खोटं बोलतोय असं म्हणताही येत नाही. ज्या चाचणीत जवळजवळ सगळेच नापास होतात ती तुमच्याबद्दल काही सांगत नसते.

(अवांतर: सिद्धरामेश्वरांनी सोलापूरच्या पंचक्रोशीत अडुसष्ट लिंगं स्थापली. ६ + ८ = १४, म्हणजे ५, बुध. गड्ड्याच्या यात्रेला येणाऱ्या कुणी आजवर ही बेरीज केल्याचं ऐकिवात नाही.)

नंबर बदलण्याचा खरा धोका दुसरीकडेच आहे. कंपनीकडून मिळणारा 'नवा' नंबर बरेचदा कुणाचा तरी जुना असतो. बंद झालेला नंबर किमान ९० दिवस राखून मग तो दुसऱ्या ग्राहकाला देता येतो. म्हणजे ५ बेरजेचा सुरेख नंबर घेतलात आणि आधीच्या माणसाच्या वसुलीचे फोन, त्याच्या बँकेचे ओटीपी तुमच्याकडे यायला लागले, असं होऊ शकतं. हेच उलट दिशेनेही घडतं: तुमचा सोडलेला नंबर तीन-चार महिन्यांनी दुसऱ्याच्या हातात गेला आणि तुमचं एखादं खातं अजून त्यालाच जोडलेलं राहिलं, तर तुमचा ओटीपी त्याला जातो. राहूचा दोष म्हणून दाखवता येईल असं नुकसान नंबर बदलल्यामुळेच व्हायचं.

आणि तुम्ही आत्ता गृहकर्जाच्या मध्यात असणार. बँकेच्या फाईलमध्ये, आधारला, पॅनला, पीएफला जुना नंबर आहे. कर्ज मंजूर होऊन वाटप पूर्ण होईपर्यंत नंबराला हात लावू नका. एका ठिकाणचा नंबर वेगळा निघाला की पडताळणी अडकते, आणि टोकनची मुदत कुणासाठी थांबत नाही. त्यानंतरही बदलायचाच असेल तर जुनं सिम चालू ठेवून नवं दुसऱ्या खाचेत घाला. आधी आधारला नवा नंबर लावा, कारण पुढची बरीच कामं त्याच्या ओटीपीवर होतात. मग बँक आणि यूपीआय, मग पॅन आणि आयकर, पीएफ, विमा, गॅस, महावितरण, गाडीची नोंद. प्रत्येक ठिकाणी नव्या नंबरावर संदेश आल्याची खात्री करून वहीत टिपा. जुन्या सिमवर निदान सहा महिने किमान रिचार्ज ठेवा. त्या काळात त्यावर जो कुठला संदेश येईल ते ठिकाण तुमच्याकडून राहून गेलेलं आहे. 'व्हीआयपी' नंबर घ्यायचा तर कंपनीच्या स्वतःच्या दुकानातून किंवा अॅपमधून घ्या. फोनवर पैसे मागून नंबर 'राखून ठेवतो' म्हणणाऱ्याकडून अजिबात घेऊ नका, मग तो अंकशास्त्रवाल्याचा ओळखीचा का असेना.

तुम्ही विचारलंत कुणाचं ऐकू. पहिल्यांचं ऐकून टोकन घालवायचं कारण नाही. दुसऱ्यांचं ऐकून डोळे झाकायचंही कारण नाही. डोळे उघडे ठेवून टायटल सर्च, बांधकाम परवानगी, भोगवटा प्रमाणपत्र आणि उन्हाळ्यातलं पाणी बघा. सोलापुरात एप्रिल-मे मध्ये नळाला किती दिवसांआड पाणी येतं आणि बोअरला काय राहतं, हे ३०४ वाल्यांना विचारलंत तर ४०४ बद्दल जास्त कळेल.

तरीही तिसऱ्याकडे जाणार असाल तर नंबर सांगण्याआधी त्याच्याकडून एका कागदावर चार गोष्टी लिहून घ्या. पत्त्यातले कुठले आकडे आणि अक्षरं धरता? मोबाईलला ९१ धरता का? शून्य मोजता का? आणि सारख्या अंकाचा नियम ४ आणि ८ ला लागू करता की नाही? लिहून दिल्यावरच ४०४ आणि मोबाईल पुढे करा, आणि बेरीज त्याच्यासमोर तुम्हीच करा.